चार्जिंग पोर्टमधला हिरवा थर: वाचकांचे प्रश्न

पोर्टमध्ये हिरवट दिसतंय. बुरशी आहे का?

नाही, तो तांब्याचा गंज आहे.

फोन तांदळात ठेवू का? की सॅनिटायझरने पुसू?

दोन्ही नको. तांदळाने गंज जात नाही, उलट पोर्टमध्ये पीठ जातं. सॅनिटायझरमध्ये पाणी असतं, शिवाय बहुतेकांत ग्लिसरीन, आणि ते मागे चिकट राहतं.

मालवणला राहतो. केबल बटण चालू ठेवून लटकलेली असते. तिच्या टोकाची एकच पिन काळी-हिरवी होते. केबल बदलली तरी पुन्हा तेच.

आधी बटण बंद करा. तुमच्या केबलचं चार्जरकडचं टोक चौकोनी, जुन्या पद्धतीचं असणार. अशा केबलच्या दुसऱ्या टोकाला फोन नसतानाही 5 व्होल्ट कायम असतात. खाऱ्या हवेतलं मीठ पिनांवर बसतं, ओल धरून ठेवतं, आणि त्या ओलीतून धन पिनेकडून शेजारच्या पिनेकडे अगदी थोडा प्रवाह वाहत राहतो. त्यात धन पिनेचं तांबं विरघळतं. म्हणून दरवेळी तीच पिन जाते. सोन्याचा मुलामा फार पातळ असतो आणि केबल लावता-काढताना घासला जातो. एकदा तो गेला की काम झपाट्याने बिघडतं. दोन्ही टोकं टाइप-सी असलेल्या केबलला चार्जर फोन जोडल्याशिवाय वीज देत नाही, त्यामुळे तिथे हा त्रास बराच कमी.

हिरवी झालेली केबल साफ करून वापरू नका, फेकून द्या. तीच फोनमध्ये घातली की मीठ आणि गंज आत जातो. ‘मॉइश्चर-प्रूफ’ स्प्रे विकणाऱ्यांच्या नादी लागू नका: पिनांवर वीज न नेणारा थर बसला तर चार्जिंगच अडखळेल.

मग पोर्ट घरी साफ करता येतं का?

थर पातळ असेल तर. फोन पूर्ण बंद करा, केबल काढा, जवळ गॅस किंवा निरांजन नको. प्लास्टिकची टूथपिक चपटी तासा, तिच्यावर धागे न सुटणाऱ्या कापडाचा एकच पदर घ्या आणि 99 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एक थेंब लावा. पोर्टमध्ये थेट ओतू नका. मधल्या पट्टीच्या दोन्ही बाजूंनी आतून बाहेर हलकेच दोन-तीनदा फिरवा. पट्टीवर जोर दिला तर ती तुटते. सुई, टाचणी, लिंबू, व्हिनेगर नको: पहिल्या दोघांनी मुलामा खरवडतो, नंतरच्यांचं आम्ल आत राहून पुन्हा गंज धरतं. तोंडाने फुंकूही नका. पोर्ट खाली करून पंख्याखाली दोन तास ठेवा, मगच चार्जर लावा.

पुसल्यावर पिन लालसर दिसली किंवा खड्डा दिसला, तर मुलामा गेलाय. पोर्ट बदलावा लागेल.

केबल एका बाजूने लावली तरच चार्ज होतं. दुकानदार मदरबोर्ड बदला म्हणतो.

आधी दुसरी, चांगली केबल उलटसुलट लावून पाहा. दोन्ही केबल एकाच बाजूने चालत असतील तर पोर्टच्या एका रांगेतल्या पिना गेल्या असण्याची शक्यता जास्त. बऱ्याच फोनमध्ये पोर्ट वेगळ्या छोट्या बोर्डवर असतं आणि तेवढंच बदलतं. तुमच्या मॉडेलचं काय, ते अधिकृत सेवा केंद्रात विचारा. मात्र टोक तापत असेल, जळका वास येत असेल किंवा कोरड्या फोनवरही ओलाव्याची सूचना येत असेल, तर तोवर चार्जिंगला लावूच नका.