चिंचोके, शेंगदाणे आणि काल कोणी केलं?

प्रश्न: सोसायटीच्या सुट्टीच्या वर्गात चौथी-पाचवीची वीस मुलं येतात. घरकाम आणि नोकरीधंदा यात मुलगा-मुलगी असा भेद नसतो, हे खेळातून दाखवायचं आहे. मी चिठ्ठ्यांवर कामं लिहून ‘हे कोण करू शकतं?’ विचारलं, तर सगळे एका सुरात ‘दोघंही!’ म्हणून ओरडले आणि खेळ पाच मिनिटांत संपला. काय बदलू?

उत्तर:

ताई, दहा वर्षांच्या मुलाला बाईंना कोणतं उत्तर हवंय ते बरोबर कळतं. म्हणून ‘कोण करू शकतं’ विचारूच नका. ‘काल कोणी केलं’ विचारा.

मी दहा वाट्या मांडते. प्रत्येकीसमोर एक चिठ्ठी: डबा भरणं, भाजी चिरणं, दळण आणणं, वीजबिल भरणं, कपडे वाळत घालणं, आजीच्या गोळ्या आठवणीने देणं, सिलिंडर बदलणं, अशी. घरात ते काम शेवटचं बाईमाणसाने केलं असेल तर वाटीत चिंचोका टाकायचा, पुरुषाने केलं असेल तर शेंगदाणा. वाट्यांवर रुमाल झाकून ठेवा आणि मुलांना एकेक करून पाठवा. कोणाच्या घरी बाबा नसतात, कोणाची आई परगावी असते. कोणाला काही सांगावं लागता कामा नये.

मग रुमाल काढून मोजायला लावा. आमच्याकडे डब्याच्या वाटीत अठरा चिंचोके आणि एकच शेंगदाणा होता, सिलिंडरच्या वाटीत बरोबर उलट. इथे गप्प बसा. कारणं मुलंच काढतात. एक मुलगा म्हणाला, ‘सिलिंडर जड असतो.’ खरंच आहे, घरगुती सिलिंडरमध्ये 14.2 किलो गॅस असतो आणि टाकीसकट वजन 30 किलोच्या आसपास जातं. ते त्यालाही उचलवणार नव्हतं, शेजारच्या मुलीलाही नाही. मोठी माणसं तरी कुठे उचलतात, तिरका करून गोल फिरवत नेतात. (हे सांगूनच दाखवा, करून नाही.) आणि रेग्युलेटर लावायला ताकद लागतच नाही.

यानंतरचा प्रश्न मला सगळ्यात आवडतो: याच वाट्यांतलं कोणतं काम पैसे घेऊन करणारं माणूस तुम्ही पाहिलंय? लग्नातला आचारी, लाँड्रीवाले काका, हॉटेलातले वाढपी. दोन मिनिटांत कोणीतरी म्हणतंच, ‘अरे, पैसे मिळाले की काका आणि घरी आई!’ हे तुम्ही सांगितलंत तर भाषण होतं. मुलांना सापडलं तर ती घरी जाऊन सांगतात.

करिअरसाठी चित्रांचा खेळ घ्या, पण मराठीत एक खोच आहे. ‘वैमानिक विमान चालवतो’ म्हटलं की क्रियापदानेच उत्तर फुटलं. ‘व्यक्ती’ म्हणावं तर तो शब्द स्त्रीलिंगी. मी सांगते, ‘आगीचा बंब आलाय आणि आग विझवणं चाललंय, त्याचं चित्र काढा. चित्रातल्या सगळ्यांना नावं द्या.’ नावांवरून मोजता येतं. असं बघण्याची रीत जुनी आहे. चेंबर्स नावाच्या अभ्यासकाने शास्त्रज्ञाची 4807 चित्रं तपासली होती, त्यात स्त्री शास्त्रज्ञ फक्त 28 होत्या आणि त्या सगळ्या मुलींनीच काढलेल्या. 1983 मध्ये हे प्रसिद्ध झालं.

चित्रं मोजून झाल्यावर खरी माणसं आणा, पण ‘पहिली महिला’ची माळ लावू नका. मुलांना त्यातून अपवादच दिसतो. सुरेखा यादव सांगायच्या तर 1989 साली रेल्वेत सहायक चालक म्हणून लागल्यापासून 2023 मध्ये सोलापूरहून मुंबईला वंदे भारत नेईपर्यंतची इतक्या वर्षांची नोकरी सांगा. ‘सैन्यात मुलींना घेत नाहीत’ असं कोणी म्हणालं तर थेट खडकवासल्याचं सांगा: एनडीएत 2022 पर्यंत मुली नव्हत्या, कारण नियमच तसा होता. सर्वोच्च न्यायालयामुळे तो बदलला आणि 2025 च्या मे महिन्यात 17 मुली उत्तीर्ण होऊन बाहेर पडल्या. म्हणजे अंगात कमी काही नव्हतं, दार बंद होतं. हा फरक या वयाला नीट कळतो.

मुलग्यांची बाजू मात्र हमखास राहून जाते. मुलगी पायलट झाली की टाळ्या, मुलगा नर्स म्हटलं की खिदळणं. ते दाबू नका. ‘पायलटला का नाही हसलात?’ एवढं विचारून थांबा. जमलं तर पुरुष नर्सना किंवा बालवाडी शिकवणाऱ्या दादांना अर्धा तास बोलवा. मुलं त्यांना पगार आणि रात्रपाळीच विचारतात, हसायचं विसरतात. वेश बदलून नक्कल करायचा खेळ अजिबात नको, त्यात साडी नेसलेला मुलगा हाच विनोद होऊन बसतो. मुलगे विरुद्ध मुली असे संघही नकोत, टाळूनच टाका.

शेवटी प्रत्येकाने ज्या वाटीत आपल्या ‘बाजूचे’ दाणे कमी होते त्यातलं एक काम सात दिवस घरी करायचं. पालकांना आधी चिठ्ठी पाठवा. मी एकदा विसरले, तर तिसऱ्याच दिवशी एका आजींचा फोन, ‘आमच्या नातवाला धुणं वाळत घालायला लावता?’ नातू मागून ओरडत होता, ‘आजी, चिमटे संपलेत!’