परमिटवर ‘अँकर तपासले’ लिहून सही केली, म्हणजे नक्की काय तपासलं?

प्रश्न: “मॅडम, काचा साफ करायचं आणि बाहेरून पेंटिंगचं माझं छोटं काम आहे, चार मुलं आहेत हाताखाली. १४ मजली इमारतीवर रोपने काम चालू असताना दोर ज्याला बांधतो तो गच्चीवरचा एक अँकर, म्हणजे रिंगवाला आय-बोल्ट, उपटून आला. मुलगा दुसऱ्या दोरावर अडकला म्हणून वाचला, पण ३५ मिनिटं लटकून होता, बेशुद्ध पडला, खांदा निखळला. इमारतवाले म्हणतात पहिल्या दिवशी परमिटवर ‘अँकर तपासले, योग्य आहेत’ अशी सही तुमचीच आहे, त्यामुळे सगळा खर्च तुमचा. पाच आठवडे झाले. आता गच्चीचं वॉटरप्रूफिंग सुरू होतंय. काय करू?”

उत्तर: एवढं सगळं लिहिलंत पण तो उपटलेला बोल्ट आत्ता कुणाकडे आहे हे लिहिलं नाहीत, आणि मला सगळ्यात आधी तेच विचारायचंय. तुमच्यासारखी पत्रं मला बऱ्याचदा येतात, सगळ्यात सही, परमिट, करारातलं कलम यावर पानं भरलेली असतात आणि ज्या वस्तूवर निकाल लागणार ती वस्तू भंगारात गेलेली असते. पाच आठवडे तुम्ही कशाची वाट बघत होतात? वॉटरप्रूफिंगवाले आले की ते भोक साफ करून भरून टाकणार, त्यावर थर चढवणार, आणि मग ते भोक किती खोल होतं, आत काय होतं, हे कुणालाच सांगता येणार नाही.

त्यामुळे आजच्या आज एक पत्र पाठवा, ईमेलने आणि पोचपावती मिळेल अशा पद्धतीनेही. भाषा साधी ठेवा: ‘अमुक तारखेला निखळलेला बोल्ट, त्याचं भोक आणि त्याच्या शेजारचे सर्व अँकर आहेत त्या स्थितीत ठेवावेत, दोन्ही बाजूंच्या उपस्थितीत तज्ज्ञाकडून पाहणी होईपर्यंत त्या भागात काम करू नये, आणि या अँकरचे बसवल्यापासूनचे सगळे तपासणी अहवाल द्यावेत.’ चूक कुणाची यावर त्यात एक शब्दही लिहू नका. एवढं पत्र गेल्यावरही त्यांनी भोक बुजवलं तर ते का बुजवलं हे त्यांना सांगत बसावं लागेल. पत्रच गेलं नसेल तर ते नुसतं ठरलेलं वॉटरप्रूफिंग. कोर्टाकडून तज्ज्ञ नेमून घेऊ असं म्हणाल तर तो अर्ज करा जरूर, पण त्याची तारीख लागेपर्यंत एक पावसाळा निघून जातो, म्हणून त्याच्या भरवशावर बसू नका. माझ्याकडच्या एका प्रकरणात तज्ज्ञ सात महिन्यांनी गच्चीवर पोचला तेव्हा तिथे नवी टाइल होती. ती केस आम्ही हरलो आणि ते मला अजून लागतं.

आता त्या सहीकडे येते. परमिट न वाचता सही केलीत हे उघड आहे, आणि त्याचा मला रागही आहे, पण ती सही तुम्हाला वाटते तेवढी घातक नाही. सगळा प्रश्न ‘तपासले’ या एका शब्दाचा आहे. रोपवर उतरायच्या आधी सकाळी जो माणूस अँकर बघतो तो काय बघू शकतो? गंज आहे का, रिंग वाकलीय का, हाताने हलते का, बुडाशी काँक्रीटला तडा आहे का, टॅगवर पुढच्या तपासणीची तारीख काय आहे. बास. बोल्ट आत किती खोल गेलाय, बोल्ट काँक्रीटला चिकटवणारं केमिकल नीट धरलंय का, भोक पाडल्यावर आतली धूळ फुंकून काढली होती का, हे गच्चीवर उभं राहून जगातल्या कुणालाच दिसत नाही. ते कळायला लोड टेस्ट लागते, म्हणजे जॅकसारखं यंत्र लावून बोल्ट ठरलेल्या जोराने ओढून बघायचा. ब्रिटनमध्ये अशा आय-बोल्टला ६ किलोन्यूटनने, म्हणजे साधारण ६०० किलो वजनाइतक्या जोराने, निदान १५ सेकंद सरळ ओढतात, आणि ते दर वर्षी करतात.

हा आकडा तुमच्या कामाचा आहे. तुमचा मुलगा सामानासकट फार तर १०० किलो असेल. उतरताना झटक्याने थांबला असं धरलं तरी बोल्टवरचा ताण ६०० किलोच्या जवळ जात नाही. मग नेहमीच्या उतरण्यात जो बोल्ट उपटला तो या टेस्टमध्ये टिकला असता का? म्हणजे एकतर टेस्ट झालीच नव्हती, नाहीतर इतकी जुनी होती की मधल्या काळात आत पाणी जाऊन बोल्ट किंवा आतली पकड कमजोर झाली. दोन्ही गोष्टी गच्ची ज्याच्या ताब्यात त्याच्याकडे जातात. टेस्टचे अहवाल मागायला सांगतेय ते यासाठीच. अहवाल नाही आला तर तेही उत्तरच आहे.

पण इथे एक अडचण आहे आणि ती लपवणार नाही. बोल्ट उपटून आलाय, तो स्वतःच सांगणार काय झालं ते, आणि ते तुमच्या विरुद्धही असू शकतं. बोल्ट सरळ आहे आणि भोकातून गुळगुळीत निघालाय, केमिकलवर पांढरी पूड चिकटलीय, तर बसवतानाच भोक साफ नव्हतं. बोल्टच्या मानेपाशी, जिथे तो काँक्रीटमध्ये शिरतो तिथे, गंज खाऊन बारीक झालाय तर वर्षानुवर्षं पाणी मुरत होतं आणि देखभाल झाली नाही. पण बोल्ट किंवा त्याची रिंग एका बाजूला वाकलेली असेल, तर तुमच्या मुलांनी दोर ज्या दिशेने लावला ती दिशा त्या बोल्टसाठी नव्हती असं समोरचा वकील म्हणणार आणि त्यात तथ्य असेल. वाकडा ताण आला की वर मी मांडलेलं ६०० किलोचं गणितही तसंच्या तसं लागू होत नाही. म्हणून तज्ज्ञ येईपर्यंत बोल्ट घासू पुसू नका, पिशवीत घालून सील करा, त्याच्या शेजारी पट्टी ठेवून फोटो काढा, दोरही आहे तसाच ठेवा, गाठ सोडू नका.

टॅगचं काय? त्या सकाळी मुलांपैकी कुणीतरी गच्चीवर फोटो काढला असेलच, आजकाल काढतातच, सगळ्यांचे फोन बघा. टॅगवर तारीख चालू असेल तर तुम्ही त्या तारखेवर विश्वास ठेवला असं म्हणता येतं आणि ते भक्कम आहे. तारीख उलटलेली असेल किंवा टॅगच नसेल आणि तरी तुम्ही त्यावर माणूस सोडलात, तर तुमची बाजू बरीच पडते. अमेरिकेतला नियम या बाबतीत फार स्पष्ट आहे, रोपचं काम सुरू होण्याआधी इमारतीच्या मालकाने लेखी कळवायचं की प्रत्येक अँकर ओळखलेला, तपासलेला, प्रमाणित आणि देखभाल केलेला आहे आणि माणशी ५००० पौंड, म्हणजे साधारण २२७० किलो, कुठल्याही दिशेने पेलेल. दर वर्षी पाहणी आणि जास्तीत जास्त १० वर्षांत पुन्हा प्रमाणपत्र. पण त्याच नियमात पुढे असंही आहे की हे लेखी हातात आल्याशिवाय कंत्राटदाराने अँकर वापरायचा नाही. म्हणजे मालकाने दिलं नाही हा त्याचा दोष आणि तुम्ही न घेता लटकवलं हा तुमचा. तुमच्याकडे नियमाचे शब्द वेगळे असतील पण वाद याच रेषेवर चालेल. खर्चाची वाटणी किती टक्के होईल ते मी आत्ता सांगणार नाही, करार आणि बोल्ट दोन्ही बघितल्याशिवाय जो वकील आकडा सांगतो त्याच्याकडे जाऊ नका.

आता ती ३५ मिनिटं. हा भाग पूर्ण तुमचा आहे आणि इथे मी तुमची बाजू घेऊ शकत नाही. तुमच्या रेस्क्यू प्लॅनमध्ये काय होतं, ‘फायर ब्रिगेडला फोन’? तो प्लॅन नाही. हार्नेसमध्ये हालचाल न करता लटकलेल्या माणसाच्या पायात रक्त साठतं आणि काही मिनिटांतही शुद्ध जाऊ शकते, म्हणून सोडवणारा माणूस जागेवरच लागतो. म्हणूनच रोपच्या कामाला किमान दोघं आणि त्यातला एक रेस्क्यू येणारा सुपरवायझर, असं आयरटासारख्या रोपच्या कामाचे नियम घालून देणाऱ्या संस्था सांगतात. साधी पद्धत सांगते: दोन्ही दोर वर बोल्टला थेट गाठ मारून न बांधता डिसेंडर या दोर हळूहळू सोडायच्या उपकरणातून लॉक करून लावतात आणि मागे पुरेसा दोर शिल्लक ठेवतात. खाली माणूस अडकला की गच्चीवरचा माणूस लॉक सोडून त्याला हळूहळू जमिनीवर उतरवतो. तुमच्या मुलाचा दुसरा अँकर शाबूत होता, म्हणजे तो दोर असा लावलेला असता आणि वर एक माणूस असता तर तो मुलगा बेशुद्ध व्हायच्या आधी खाली आला असता. बोल्ट उपटल्याचा खर्च आणि बेशुद्ध होण्याचा खर्च वेगवेगळा मोजला जाईल याची तयारी ठेवा. निखळलेला खांदा बहुतेक पहिल्यात बसेल, बाकीचं डॉक्टरांच्या कागदांवर. आणि त्याच्या उपचाराचे पैसे हा वाद मिटेपर्यंत थांबवू नका, त्याच्याकडून कसलाही कागद सही करून घेऊ नका.

विमा कंपनीला कळवलंत का? नसेल तर हे वाचून झाल्यावर लगेच कळवा, उशीर का झाला तेही खरं खरं लिहा. पॉलिसीत उंचीवरचं काम वगळलेलं आहे का ते बघितल्याशिवाय पुढे काही म्हणत नाही.

गच्चीवरून दोरांनी लटकवलेल्या पाळण्यावर उभं राहून काम करणारेही मला हाच प्रश्न विचारतात, त्यांच्यासाठी एवढंच की तिथे उत्तर बहुधा उलटं येतं. गच्चीवरचा बीम आणि मागची काउंटरवेट तुम्हीच आणलेली असतात, म्हणून ते सांभाळायची जबाबदारीही तुमचीच. अमेरिकन नियमात काउंटरवेटने पाळणा उलटवणाऱ्या जोराच्या चौपट जोर धरायला हवा, आणि वाळू किंवा खडी वजन म्हणून चालतच नाही, कारण पोतं फाटलं की वजन गळून जातं आणि खालच्या माणसाला कळत नाही. वाळूची पोती ठेवून फोटो काढलेली प्रकरणं माझ्याकडे आलीयेत, त्यात माझ्याकडे बोलायला काही उरत नाही.

शेवटचं, त्याच गच्चीवर उरलेले बोल्ट त्याच माणसाने त्याच दिवशी बसवलेले असण्याची शक्यता फार आहे. पत्रात हेही लिहा की लोड टेस्ट होईपर्यंत त्यांच्यावर कुणालाही लटकवू नका, आणि दुसरा कंत्राटदार तिथे आधीच काम करत असेल तर त्यालाही तुम्ही स्वतः फोन करून सांगा, आजच.