एगलेस की अंड्याचं? मेयोनीज आणि केकचं पाकीट कसं वाचायचं

प्रश्न: सासूबाईंना अंडं अजिबात चालत नाही. सांगलीत आमच्या कोपऱ्यावरचा दुकानदार म्हणतो, "वहिनी, मेयोनीज आता सगळं एगलेसच येतं." घरी येऊन बघितलं तर एका पाऊचवर हिरवा ठिपका, दुसऱ्यावर तपकिरी त्रिकोण. केकच्या पाकिटांचाही असाच गोंधळ. खात्रीनं कसं ओळखायचं?

उत्तर:

दुकानदाराचं अर्धं खरं आहे. आपल्याकडे खपणारं बरंचसं मेयोनीज बिनअंड्याचंच असतं, पण त्याच रॅकवर, कधी कधी त्याच कंपनीचं अंड्याचंही लटकत असतं, आणि दोन्ही पाऊच लांबून जुळ्या भावांसारखे दिसतात. तुमचा त्रिकोणवाला पाऊच सासूबाईंसाठी नाही, तो बाजूला ठेवा.

खूण बघताना आधी आकार बघा, रंग नंतर. हिरव्या चौकटीत हिरवा भरीव गोल म्हणजे शाकाहारी. तपकिरी चौकटीत तपकिरी भरीव त्रिकोण म्हणजे मांसाहारी, आणि या नियमात अंडं मांसाहारातच मोजलं जातं. दूध आणि मध मात्र नाही. पूर्वी दोन्हीकडे गोलच असायचा, फरक फक्त रंगाचा. ज्यांना हिरवा आणि तपकिरी वेगळे ओळखता येत नाहीत त्यांची पंचाईत व्हायची, म्हणून २०२० च्या लेबलिंग नियमांत मांसाहारासाठी त्रिकोण आला. जुन्या छापाचा तपकिरी गोल कुठे दिसलाच, तर त्याचाही अर्थ मांसाहारीच. दुकानातल्या पिवळट दिव्याखाली तपकिरी आणि गडद हिरवा सहज फसवतात, तेव्हा कोपरे दिसतात का हे बघणं जास्त भरवशाचं.

ही खूण समोरच्या बाजूला, नावाच्या जवळ असायला हवी. लहान पाकिटावर हा गोल जेमतेम ३ मिलिमीटरचा असू शकतो, म्हणून शोधावी लागते. शोधताना एक चूक हमखास होते. पाऊचच्या खालच्या घडीवर किंवा शिवणीपाशी रंगीत ठिपक्यांची, चौकोनांची रांग असते. ती छपाईवाल्यांची रंग जुळवायची आणि पाऊच कापायची खूण आहे, तिचा आतल्या मालाशी काही संबंध नाही. हिरवं पान, हिरवं झाकण, "प्युअर" असा शिक्का, हेही सगळं नुसतं डिझाइन. चौकट असेल तरच ती खूण.

त्रिकोण दिसला म्हणजे आत अंडंच आहे असंही नाही. प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून होणाऱ्या जिलेटिनमुळेही तो येतो. फक्त अंड्यामुळे खूण तपकिरी झाली असेल तर कंपनी तसं शेजारी लिहू शकते, पण ते ऐच्छिक आहे. म्हणून पाऊच उलटा करून घटकांची यादी वाचायची. यादी वजनाच्या उतरत्या क्रमानं असते, त्यामुळे अंडं नेमकं कुठे शोधायचं ते कळतं.

तुमचे दोन पाऊच शेजारी ठेवून बघा. हिरव्या गोलाच्या मेयोनीजवर साधारण असं सापडेल: रिफाइंड सोयाबीन तेल, पाणी, साखर, मिल्क सॉलिड्स, मीठ, थिकनर (१४४२, ४१५), ॲसिडिटी रेग्युलेटर (२६०), प्रिझर्व्हेटिव्ह (२११, २०२). त्रिकोणाच्या पाऊचवर तेल, पाणी, साखर यांच्या आसपासच "एग योक", "एग योक पावडर", "होल एग पावडर" किंवा "लिक्विड एग" भेटेल. कारण सोपं आहे. तेल आणि व्हिनेगर एकत्र राहायला तयार नसतात; अंड्याच्या बलकातलं लेसिथिन त्यांना धरून ठेवतं. बलक काढला की ते काम दुधाची किंवा सोयाची प्रथिनं, बदललेला स्टार्च आणि झँथन गम, म्हणजे यादीतला ४१५, मिळून करतात. पण उलटा निष्कर्ष काढू नका. अंड्याच्या स्वस्त मेयोनीजमध्येही स्टार्च आणि गम घालतात, त्यामुळे ४१५ दिसला म्हणजे एगलेस असं होत नाही.

रंगावरूनही ठरवू नका. अंड्याचं मेयोनीज किंचित पिवळसर असतं हे खरं, पण ती छटा रंग घालूनही आणता येते.

तेल-पाणी एकत्र धरून ठेवणाऱ्या इमल्सिफायरच्या आकड्यांवरून बरेच जण घाबरतात, विशेषतः केकच्या पाकिटावर ३२२ आणि ४७१ दिसले की. ३२२ म्हणजे लेसिथिन; ते अंड्यातही असतं, पण बाजारात येतं ते बहुतेक सोयाबीनचं. ४७१ वनस्पती तेलापासूनही होतो, प्राण्याच्या चरबीपासूनही. नुसता आकडा मूळ सांगत नाही, ते खुणेवरून कळतं. हिरवा गोल असेल तर ते वनस्पतीचंच असलं पाहिजे.

केकमध्ये अंड्याला आणखी नावं असतात: "एग सॉलिड्स", "एग व्हाइट पावडर", "अल्ब्युमेन". शेवटचं फसवं, कारण त्यात "एग" शब्दच नाही, आणि अल्ब्युमेन म्हणजे अंड्याचा पांढरा भाग. पुढचा सापळा "एगलेस" या शब्दाचाच. एगलेस म्हणजे अंडं नाही, एवढंच. मूस केकमध्ये किंवा मार्शमॅलोच्या थरात जिलेटिन असेल तर समोर मोठ्या अक्षरात "एगलेस" आणि कोपऱ्यात तपकिरी त्रिकोण, असं दोन्ही खरं असू शकतं. सासूबाईंसाठी तोही नाही. केक प्रीमिक्सचं याच्या उलट: पाकिटावर हिरवा गोल, आणि मागच्या कृतीत "दोन अंडी फोडून घाला". खूण पाकिटातल्या पिठाची आहे, तुमच्या ओव्हनमधल्या केकची नाही.

यादीच्या खाली ॲलर्जीची ओळ असते. तिथे "कंटेन्स एग" असेल तर विषय संपला. "मे कंटेन एग" म्हणजे अंडं घटक म्हणून घातलेलं नाही, पण त्याच कारखान्यात अंड्याचा माल होत असल्यानं अंश येऊ शकतो. हे हिरव्या गोलाबरोबरही दिसू शकतं. चालवायचं की नाही हे सासूबाईंनीच ठरवावं. घरात कुणाला अंड्याची ॲलर्जी असेल तर मात्र हिरवा गोल पुरेसा नाही, ही ओळ वाचलीच पाहिजे.

परदेशी बाटलीवर मूळ लेबलात आपली खूण नसते. आयात करणारा ती स्टिकरवर लावतो. स्टिकर नसेल तर घेऊ नका. हिरवा गोल असून यादीत अंडं सापडलं, तर पाकीट फेकू नका. दोन्ही बाजूंचे फोटो काढा, बॅच नंबर आणि बिल जपून ठेवा, आणि अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात तक्रार द्या.

राहिला बेकरीच्या काचेतला सुटा केक. तिथे वाचायला काही नाही, आणि चव, वास, जाळी यावरून ओळखता येत नाही. व्हॅनिला इसेन्स वास झाकतो. "एगलेस आहे का?" याला उत्तर "हो"च येणार. त्याऐवजी विचारा, "अंड्याचं आणि बिनअंड्याचं बॅटर एकाच भांड्यात फेटता का? टिन वेगळे आहेत का?" उत्तर द्यायला माणूस घुटमळला, तर हिरव्या गोलाचा बंद केक घेतलेला बरा.