गेटवरची नोकरी : मुलाखतीत नेमकं काय पाहतात?

मुलाखतीत विचारलं, "रात्री दोन वाजता काय करता?" मी म्हणालो, "डोळ्यांत तेल घालून जागा राहतो." पुढे बोलावणंच आलं नाही. काय चुकलं? – एक वाचक, कोरेगाव

जागं राहणं हे गृहीतच धरलेलं असतं. समोरच्याला तुमची नजर कुठे जाते ते ऐकायचं असतं. तुम्ही असं सांगायला हवं होतं : "ड्युटी घेताना किल्ल्या मोजून घेतो, आधीच्या गार्डकडून काय अर्धवट राहिलंय ते विचारतो. राउंड रोज ठरलेल्या वेळेला मारत नाही, कारण पाहणारा आमची वेळ पाठ करतो. गोडाउनचं कुलूप लांबून बघत नाही, हातानं ओढून बघतो. आग विझवायच्या पावडरच्या सिलिंडरचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे का, तेही बघतो." कुलूप ओढून बघणारा माणूस मुलाखतीत लगेच कळतो. कंपाउंडला कुठे अंधार आहे हेही तो विचारायच्या आधी सांगतो.

कुपवाड एमआयडीसीतल्या कंपनीत मला कागद देऊन घटना लिहायला सांगितली. मी लिहिलं, "भंगारवाल्याची चोरी पकडली." रिपोर्ट कसा लिहायचा असतो? – एक वाचक, मिरज

'चोरी' हा शब्दच घोटाळा करतो. तुम्ही पाहिली ती गाडीतली जास्तीची पोती. ती कुणी आणि का टाकली, ते तुम्ही पाहिलेलं नाही. उद्या भरणाऱ्याची चूक निघाली, तर तुमच्या वहीत एका माणसाला विनाकारण चोर ठरवलेलं राहील. आणि खरंच चोरी असली, तर वेळ आणि मोजणी नसलेली नोंद कुणाच्या कामाची नाही.

समजा, भंगाराचा टेम्पो बाहेर निघालाय. मी असं लिहीन :

"रात्री 9.40, गेट नं. 2. भंगाराचा टेम्पो बाहेर जाताना तपासला. गेट पासवर 12 पोती, गाडीत मोजली 14. चालक म्हणाला, 'भरणाऱ्यांनी चुकून टाकली असतील.' गाडी आतच बाजूला लावून घेतली. 9.45 ला शिफ्ट इन्चार्जना फोन केला. 10.10 ला ते आले. त्यांच्यासमोर पुन्हा मोजली, 14 भरली. दोन पोती उतरवून घेतली. त्यांच्या सांगण्यावरून गाडी 10.30 ला सोडली."

त्याखाली गाडीचा नंबर, चालकाचं नाव, इन्चार्जची आणि तुमची सही. चालकाचं म्हणणं त्याच्याच शब्दांत आहे, तुमचं मत कुठेच नाही. गाडी कुणाच्या सांगण्यावरून सोडली, हे लिहिल्यामुळे उद्या बोट तुमच्याकडे येत नाही. नवे गार्ड नेमकं हेच वाक्य विसरतात, आणि मग नोकरी जाते ती त्यांची.

नोंद त्याच शिफ्टमध्ये करा, घरी जाऊन आठवून नको. चुकलं तर एक रेघ मारून शेजारी सही करा. व्हाइटनर लावलेल्या वहीवर कुणी विश्वास ठेवत नाही. दोन नोंदींच्या मध्ये कोरी ओळही सोडू नका, तिथे नंतर कुणीही काहीही घुसवू शकतो.

मुलाखत घेणारे एकदम ओरडले, "मला ओळखत नाहीस? गेट उघड!" मी गोंधळलो. काय म्हणायचं होतं? – एक वाचक, सांगली

ते पाहुणा झाले होते, आणि तुमचा आवाज त्यांच्याबरोबर चढतो का ते बघत होते. आवाज खाली ठेवून म्हणा, "साहेब, राग मानू नका. नाव सांगा, मी आत्ता तुमच्यासमोरच आत फोन लावतो." आणि लगेच फोनकडे हात न्या. ताटकळत ठेवल्यानं माणूस चिडतो. त्याच्यादेखत फोन लागला की बहुतेकांचा पारा उतरतो. "नियम म्हणजे नियम" हे वाक्य टाळा, त्यानं भांडण वाढतं.

गाडी असेल तर बॉनेटसमोर उभं राहू नका, चालकाच्या खिडकीशी या. आतून होकार येईपर्यंत बॅरिअर खालीच. शिवीगाळ झाली तरी अंगाला हात लावायचा नाही. सुपरवायझरला बोलवायचं आणि वेळेसकट वहीत लिहायचं. वयस्क बाई असतील तर "मावशी, इथं सावलीत बसा, मी विचारतो" म्हणावं. सोडायचं मात्र आतून निरोप आल्यावरच.

मी माजी सैनिक. "चोर सापडला तर?" या प्रश्नाला "दोन ठेवून देईन" म्हणालो. पॅनल गप्प झालं. – एक वाचक, सातारा

तुमच्या धाडसाबद्दल त्यांना शंका नव्हती. पण गार्डला पोलिसांचे अधिकार नसतात, सामान्य नागरिकाला असतात तेवढेच असतात. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 40 नुसार तुमच्यासमोर दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा घडला, तर तुम्ही माणसाला धरू शकता. पण विनाकारण उशीर न करता, जास्तीत जास्त 6 तासांत, पोलिसांच्या ताब्यात द्यावं लागतं. मारहाण केलीत तर गुन्हा तुमच्यावर दाखल होईल. पुढच्या वेळी सांगा : "साथीदाराला हाक मारीन, 112 ला फोन करीन, पोलीस येईपर्यंत त्याला बसवून ठेवीन, आणि किती वाजता धरलं, किती वाजता ताब्यात दिलं, ते लिहीन."

फौजेत संत्री ड्युटीचा रिपोर्ट तुम्ही दिलेलाच आहे. तोच अनुभव एका प्रसंगासकट सांगा.