रिबनला टच झालं की घेतो, तरी स्टॉप उडतोच

"दादा, मी नाशिकरोडला असतो, बिटकॉइनवर चार तासांच्या चार्टवर ईएमए रिबन लावलंय. अपट्रेंड दिसत असतो, भाव खाली रिबनला टच झाला की घेतो, पण सहातले चार स्टॉप उडाले. काय चुकतंय?"

चूक 'टच झाला की घेतो' यातच आहे रे. रिबन म्हणजे काही खाली बायर ऑर्डर लावून बसलेत असं नाही, त्या फक्त २० ते ५५ कँडलच्या क्लोजच्या सरासरीच्या रेषा आहेत, ताज्या क्लोजला जास्त वजन देणाऱ्या. २० च्या ईएमएत शेवटच्या क्लोजला साधारण साडेनऊ टक्के वजन असतं आणि ५५ च्या ईएमएत साडेतीन टक्क्यांच्या आसपास, म्हणजे भाव पडला की रिबन पण त्याच्यामागे हळूहळू वाकायला लागतं, ते भावाला अडवत नाही. त्यामुळे टच म्हणजे फक्त 'आता लक्ष दे' एवढंच.

मी आधी बघतो की २० वर आणि ५५ सगळ्यात खाली अशा क्रमात रेषा आहेत का, आणि त्यांच्यातलं अंतर गेल्या काही दिवसांत वाढत आलंय का. ५५ ची रेषा अजून वर चढतीये ना, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. चांगल्या पुलबॅकमध्ये, म्हणजे चढणीतल्या तात्पुरत्या घसरणीत, लाल कँडल छोट्या छोट्या असतात, व्हॉल्यूम उतरत जातो, भाव रिबनमध्ये शिरतो आणि तिथेच रेंगाळतो. पण एकच मोठी लाल कँडल भरपूर व्हॉल्यूमवर सगळ्या रेषा कापून खाली आली आणि नंतरची उसळी २० च्या खालीच दमली, तर तो पुलबॅक राहिलेला नाही, तिथे हात लावायचा नाही. शिवाय ट्रेंडमधला पहिला दुसरा पुलबॅक मी घेतो, चौथ्यापर्यंत रेषा बहुतेक गुंतायला लागलेल्या असतात.

जानेवारी २०२४ चा डेली चार्ट उघडून बघ. ईटीएफला मंजुरी मिळाल्यावर ११ तारखेला भाव ४९ हजार डॉलरला जाऊन आला आणि १२ ला ४३ हजारांच्या खाली बंद झाला. टचवाल्यांनी तिथेच घेतलं, मग भाव सगळं रिबन फोडून २३ ला साडेअडतीस हजारांपर्यंत गेला. महिना संपताना तो परत रिबनच्या वर ४३ हजारांच्या आसपास बंद व्हायला लागला. म्हणजे थांबलेल्याला जवळपास त्याच भावात माल मिळाला, मधली घसरण अंगावर न घेता, आणि मार्चच्या मध्यात भाव ७३ हजारांच्या पुढे होता. दर वेळी इतकं स्वस्तात मिळत नाही हे पण खरं, बऱ्याचदा थांबल्यामुळे दोनेक टक्के महाग पडतं, ते मी देतो.

आता एंट्री. समजा २० ची रेषा ६४,००० वर आहे, ५५ ची ६२,००० वर, भाव ६२,६०० ला टेकून आला आणि चार तासांची कँडल ६४,३०० ला बंद झाली, तिचा हाय ६४,५००. कँडल बंद होईपर्यंत थांब, आपल्याकडे ती पहाटे दीडला, साडेपाचला, साडेनऊला अशी बंद होते, मी रात्रीची सोडतो आणि गंगापूर रोडला फिरायला निघायच्या आधी साडेपाचची बघतो. पुढच्या कँडलने ६४,५०० ओलांडलं तर एंट्री, स्टॉप ५५ च्या खाली ६१,६००. अंतर झालं साडेचार टक्के. दोन लाखांच्या खात्यात एका ट्रेडला दोन हजार घालवायची तयारी असेल तर साधारण साडेचव्वेचाळीस हजारांचाच माल घ्यायचा, जास्त नाही.

आणि टॅक्सचा हिशोब टार्गेट ठरवायच्या आधी कर, कारण आपल्याकडे क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के अधिक सेस आहे आणि तोटा त्यातून वजा होत नाही. दहा ट्रेडमध्ये चार जिंकलास, प्रत्येकी चार हजार, म्हणजे १६,०००. सहा हरलास, प्रत्येकी दोन हजार, म्हणजे १२,०००. वरवर चार हजार सुटले, पण टॅक्स १६ हजारांवर लागतो, ४,९९२ रुपये, म्हणजे खिशातून हजारभर गेले! शिवाय विकताना १ टक्का टीडीएस कापला जातो, तो रिटर्नमध्ये जमा धरता येतो पण तोवर पैसा अडकतो. तेच चार ट्रेड सहा सहा हजारांचे असते तर टॅक्स जाऊन साडेचार हजार उरले असते. म्हणून मी दुप्पट नफ्यावर बाहेर पडत नाही, चार तासांची कँडल ५५ च्या खाली बंद होईपर्यंत धरून ठेवतो, त्यात कधी वरचा बराच नफा परत जातो, जाऊ देतो.

तुझे ते चार उडालेले ट्रेड परत चार्टवर काढ आणि घेतलं त्या क्षणी ५५ ची रेषा चढत होती का सपाट होती, आणि कँडल बंद झाली होती का, एवढं इथे लिही, मग पुढचं बघू.