व्हिटॅमिन ए, अशक्त मूल आणि न्यूमोनिया: मोठा डोस कधी द्यायचा, कधी नाही

"माझा भाचा १४ महिन्यांचा आहे, वजन जेमतेम ७ किलो. गेल्या काही महिन्यांत दोनदा न्यूमोनिया झाला. त्याच्याच वयाच्या दुसऱ्या मुलांची सर्दी दोन-चार दिवसांत जाते, याला मात्र दर वेळी ॲडमिट करावं लागतं. व्हिटॅमिन ए कमी पडत असेल, सर्दी सुरू झाली की लगेच मोठा डोस पाजा, असं एकांनी सांगितलं. द्यावा का?"

सर्दी-खोकला झाला म्हणून मोठा डोस देऊ नका. गोवर असेल तर मात्र तो द्यायलाच हवा, आणि लगेच द्यायला हवा. या दोन वाक्यांतला फरक नीट कळला की भाच्याच्या आजारपणाचं बरंचसं कोडं सुटेल, म्हणून जरा सविस्तर लिहिते. कुपोषित मुलांच्या वॉर्डात काम करताना हा गोंधळ मी सतत पाहिला आहे.

नाकापासून फुप्फुसांच्या बारीक नळ्यांपर्यंत आतून एक नाजूक अस्तर असतं. त्यातल्या काही पेशी चिकट द्रव तयार करतात, तर काहींवर सूक्ष्म केस असतात. श्वासाबरोबर आत गेलेली धूळ आणि जंतू त्या द्रवात अडकतात आणि हे केस सारखे हलत राहून ते घशाकडे वर सरकवतात. अस्तरातल्या जुन्या पेशी झडून नव्या येत असतात. नव्या पेशीने कोणतं रूप घ्यायचं हे ठरायला व्हिटॅमिन ए लागतं. ते कमी पडलं की केसाळ आणि द्रव बनवणाऱ्या पेशींच्या जागी चपट्या, कोरड्या, कातडीसारख्या पेशी येऊ लागतात. वोल्बाक आणि हाउ या संशोधकांनी १९२५ मध्ये उंदरांच्या श्वासनलिकेत हा बदल दाखवला होता. डोळ्याचा पांढरा भाग याच कारणाने कोरडा पडतो. डोळ्यातला बदल आपल्याला दिसतो, श्वासनलिकेतला दिसत नाही.

आता यात कुपोषणाची भर घाला. व्हिटॅमिन ए यकृतात साठतं आणि तिथून रक्तात यायला त्याला एका विशिष्ट प्रथिनाची सोबत लागते. हे प्रथिन तयार करायला पुरेसा प्रथिनयुक्त आहार हवा, जस्तही हवं. ते नसेल तर यकृतात थोडाफार साठा असूनही तो अवयवांपर्यंत पोचत नाही. शिवाय ताप आला की रक्तातली त्याची पातळी आणखी घसरते आणि काही भाग लघवीवाटे निघून जातो. त्यामुळे आजारपणात रक्त तपासून 'व्हिटॅमिन ए कमी आहे' असा निष्कर्ष काढणंही फसवं ठरतं. पातळी साठा संपल्यामुळे उतरली की केवळ संसर्गामुळे, हे त्या एका आकड्यावरून कळत नाही.

अशक्त मुलाचा प्रश्न फक्त व्हिटॅमिन ए पुरता नसतो, हे मुद्दाम सांगते. जंतूंशी लढणाऱ्या पेशींना तयार करणारी छातीतली थायमस ग्रंथी कुपोषणात आक्रसते. बरगड्यांमधले स्नायू आणि श्वासपटल बारीक होतात, त्यामुळे खोकला जोरात येत नाही आणि कफ आतच राहतो. धाप लागली की श्वास घ्यायलाच भरपूर ऊर्जा खर्च होते, आणि या मुलांकडे शिल्लक काही नसतं. जंतू तोच असला तरी सुदृढ मुलाचं आजारपण खोकल्यावर निभावतं आणि याच्या जिवावर बेततं, त्यामागे ही सगळी कारणं आहेत. म्हणून एका औषधाने ते सगळं भरून निघेल ही अपेक्षा मुळातच चूक आहे.

मग गोवरच वेगळा का? गोवराचा विषाणू सगळ्या शरीरातल्या अस्तरांवर एकाच वेळी हल्ला करतो: डोळे, तोंड, श्वासनलिका, आतडं. एवढं सगळं अस्तर नव्याने उभारायला व्हिटॅमिन ए ची गरज एकदम वाढते, आणि त्याच वेळी ताप व न खाणं यांमुळे पुरवठा आटतो. लंडनमध्ये जोसेफ एलिसन यांनी १९३२ मध्ये गोवराच्या ६०० मुलांपैकी निम्म्यांना व्हिटॅमिन ए युक्त तेल दिलं. त्या गटातले मृत्यू दुसऱ्या गटाच्या निम्म्याहून कमी निघाले. पुढे कित्येक वर्षं याकडे फारसं कुणी पाहिलं नाही. १९९० मध्ये केपटाऊनच्या हसी आणि क्लाइन यांनी गोवरामुळे रुग्णालयात आलेल्या १८९ मुलांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. व्हिटॅमिन ए मिळालेल्या ९२ मुलांपैकी २ दगावली, न मिळालेल्या ९७ पैकी १०. न्यूमोनिया बरा व्हायला पहिल्या गटात सरासरी ६ दिवस लागले, दुसऱ्यात १२. बालरोगात इतका स्वस्त आणि इतका ठळक परिणाम करणारा उपाय क्वचितच सापडतो, आणि तो अजूनही काही मुलांना वेळेवर मिळत नाही याचा मला मनापासून त्रास होतो.

हे पाहून साहजिकच विचार आला की सगळ्याच न्यूमोनियात हा डोस द्यावा. तसं करून पाहिलं गेलं, आणि उपयोग झाला नाही. गोवर नसलेल्या न्यूमोनियात मोठ्या डोसने मुलं लवकर बरी झाली नाहीत. पेरूमधल्या एका अभ्यासात तर डोस घेतलेल्या मुलांमध्ये ऑक्सिजनची पातळी थोडी कमी दिसली. इक्वेडोरमध्ये मुलांना दर आठवड्याला छोटा डोस दिला, तेव्हा कमी वजनाच्या मुलांत श्वसनमार्गाचे खालचे संसर्ग कमी झाले, पण चांगल्या वजनाच्या मुलांत वाढले. यातून मी घेतलेला अर्थ असा: जिथे कमतरता आहे तिथे ती आधीपासून भरून काढण्याला किंमत आहे. ऐन आजारात ओतलेला जादा डोस सर्दीवरचं औषध होत नाही.

आता एक उदाहरण घेऊ. वॉर्डात येणाऱ्या मुलांवरून जुळवलेलं आहे, कुणा एका मुलाचं नाही. मुलगी १४ महिन्यांची, वजन ६.४ किलो, दंडाचा घेर ११.१ सेंटिमीटर. आठ दिवसांपूर्वी अंगावर पुरळ उठून गेलं, आता त्या जागी तपकिरी डाग आणि सुटणारी त्वचा. खोकला आहे. ताप नाही. श्वास मिनिटाला ३८. या वयात ४० किंवा त्याहून जास्त श्वास म्हणजे जलद, तेव्हा नियमाने हा जलद नाही. घरचे म्हणतात, "ताप उतरलाय, शांत झोपून आहे."

ही शांतता सगळ्यात घातक. काखेतलं तापमान घेतलं तर ३४.६ अंश, रक्तातली साखर ४४. तीव्र कुपोषित मुलाच्या शरीरात ताप चढवण्याचं बळ राहत नाही. गंभीर संसर्गात ते उलट थंड पडतं. काखेत ३५ अंशांखाली तापमान किंवा ५४ च्या खाली साखर असेल, तर संसर्ग आहे असंच धरून उपचार सुरू करायचे असतात. श्वासाचंही तेच. स्नायूंतच जोर नसेल तर वेग वाढत नाही आणि छातीही तितकी आत ओढली जात नाही. एक्स-रेसुद्धा कधी कधी साधा दिसतो.

तिला आधी १० टक्के ग्लुकोजचं ५० मिलीलिटर पाणी तोंडाने किंवा नळीने द्यायचं आणि आईच्या छातीशी उघड्या अंगाने धरून वर पांघरूण घालायचं. ऑक्सिजन मोजून कमी असेल तर द्यायचा. ॲम्पिसिलिन आणि जेंटामायसिन ही इंजेक्शनं लगेच सुरू करायची. दर दोन तासांनी एफ-७५ हे उपचारासाठीचं पातळ दूध सुमारे ७० मिलीलिटर, रात्रीसुद्धा न चुकता. शिरेतून सलाइन मात्र शॉकची, म्हणजे रक्ताभिसरण कोसळल्याची लक्षणं असल्याशिवाय नाही, कारण अशक्त हृदयाला तो भार पेलत नाही आणि पाणी फुप्फुसात उतरतं. लोहाचं औषध पहिल्या काही दिवसांत टाळायचं. आणि गोवर होऊन गेलाय म्हणून व्हिटॅमिन ए: आज २ लाख एकक, उद्या २ लाख. ती तीव्र कुपोषित आहे म्हणून दोन आठवड्यांनी तिसरा डोस. गोवरातल्या प्रत्येक डोसचं प्रमाण ६ महिन्यांखालच्या बाळाला ५० हजार, ६ ते ११ महिन्यांत १ लाख आणि वर्षानंतर २ लाख.

याच मुलीला गोवर नसता आणि डोळे स्वच्छ असते, तर तो मोठा डोस मी दिला नसता. एफ-७५ सारख्या उपचारासाठीच्या दुधात रोजच्या गरजेइतकं व्हिटॅमिन ए असतंच. बाकीचे उपचार तेच.

आता तुमच्या भाच्याकडे येते. या वयाला ७ किलो म्हणजे वजन खूपच कमी आहे. पण वजनावरून सगळं कळत नाही, म्हणून त्याच्या डाव्या दंडाचा घेर खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्यावर मोजून घ्या. ११.५ सेंटिमीटरच्या खाली असेल, किंवा दोन्ही पावलांवर अंगठ्याने दाबून खड्डा राहत असेल, तर ते तीव्र कुपोषण. त्यावर उपचाराचा वेगळा कार्यक्रम असतो, आणि दोन न्यूमोनियांच्या मधल्या काळात खरा उपाय तोच आहे. ११.५ ते १२.५ असेल तरी कुणाच्या तरी देखरेखीखाली आहार वाढवायला हवा. आजारातून उठल्यावर निदान दोन आठवडे रोज एक जास्तीचं खाणं द्या. दोन आजारांच्या मधे वजन भरून निघालं नाही तर पुढचा संसर्ग आणखी खालून सुरू होतो.

डोळे उजेडात पाहा. पांढऱ्या भागावर फेसासारखा ठिपका किंवा सुरकुतलेला कोरडेपणा आहे का? अंधार पडल्यावर चाचपडतो का, समोरचं खेळणं दिसत नाही असं वाटतं का? यातलं काहीही असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. तिथे मोठा डोस हाच उपचार असतो आणि उशीर झाला तर दृष्टी जाऊ शकते.

पुढच्या खोकल्यात ताप नसल्याने निर्धास्त राहू नका. मूल शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. दूध ओढत नाही, हाक मारून डोळे उघडत नाही, हातपाय गार लागतात, श्वासाबरोबर कण्हतो किंवा बरगड्यांखालचा भाग आत जातो, यातलं एक जरी असलं तरी श्वास ३५ असो वा ५५, लगेच दवाखाना.

आणि प्रतिबंधक डोसचं कार्ड शोधा. जिथे कमतरता सर्रास आढळते तिथे ६ महिन्यांपासून ५ वर्षांपर्यंत दर ४ ते ६ महिन्यांनी तो देतात: वर्षाच्या आत १ लाख, पुढे २ लाख एकक. त्यामुळे एकूण बालमृत्यू घटल्याचं आलफ्रेड सॉमर यांच्या इंडोनेशियातल्या अभ्यासाने १९८६ मध्ये दाखवलं. नंतरच्या अभ्यासांत हा फायदा मुख्यतः जुलाब आणि गोवर यांत दिसला, साध्या न्यूमोनियाच्या मृत्यूंत तितका स्पष्ट नाही. भाच्याचा डोस राहिला असेल तर द्या, पण महिन्याभरात मिळाला असेल तर वरून पुन्हा पाजू नका. हे व्हिटॅमिन यकृतात साठत जातं. जास्त झालं तर उलट्या आणि चिडचिड होते, बाळाची टाळू फुगते. गोवराची लस झाली आहे का हेही त्याच कार्डावर कळेल. राहिली असेल तर ती आधी.

दंडाचा घेर, डोळ्यांचं निरीक्षण आणि शेवटच्या डोसची तारीख इथे लिहा, मग पुढचं बोलू.