पहिला कागद शोध

प्रिय डॉक्टर,

परवा रात्री तुझा फोन आला तेव्हा तुझा आवाज कापत होता. यावलजवळच्या त्या सुनेचा रिपोर्ट तू एका दमात वाचलास: चौतीस आठवडे, बाळ पंधराशे ग्रॅम, एएफआय 4.5, वाढ खुंटली, पाणी कमी. आणि लगेच विचारलंस, "मॅडम, आज काढू का?" मागून तिची सासू म्हणत होती, "पोटमा पानी कमी शे म्हंतस." मी एवढंच म्हणाले की पहिली सोनोग्राफी शोध. तुला ते टाळाटाळीचं वाटलं असेल, म्हणून आज सविस्तर लिहिते.

चौतीस हा आकडा आला कुठून? तिनं पाळी "नवरात्राच्या सुमारास" सांगितली. पहिलं पोर अंगावर पीत होतं, तिची पाळी अजून नीट बसलेली नव्हती. तीच तारीख मशीनमध्ये टाकली गेली. बाळाचं डोकं, पोटाचा घेर आणि मांडीचं हाड मोजून मशीन वजन काढतं, आणि ते वजन त्या वयाच्या बाळांत कुठे बसतं हे टाकलेल्या तारखेवरूनच ठरवतं. तारीख चुकली की धडधाकट बाळही दहाव्या टक्क्याखाली जातं. मग आपण म्हणतो, वाढ खुंटली.

तिच्या नणंदेनं चोपड्याहून पाठवलेला कागद तू मला फोटो काढून धाडलास. रेशनकार्डाबरोबर घडी घातलेला, एका कोपऱ्यावर हळदीचा डाग. बाळाची लांबी 23 मिलिमीटर, म्हणजे त्या दिवशी नऊ आठवडे. तो कागद एकवीस आठवड्यांपूर्वीचा, म्हणजे आज तीस. तीस आठवड्यांना पंधराशे ग्रॅम हे अगदी बरं वजन आहे. तू जे बाळ काढायला निघाली होतीस त्याला दहा आठवडे बाकी आहेत, पोरी!

आता पाणी. चार कप्प्यांत प्रत्येकी सर्वांत खोल काळा खळगा उभा मोजायचा, त्यात नाळ किंवा हातपाय नकोत, प्रोब दाबायचा नाही. तुझे आकडे सेंटीमीटरमध्ये 1.0, 2.4, 0.6 आणि 0.5. यांची बेरीज 4.5, हाच एएफआय; तो पाचच्या खाली, म्हणून पाणी कमी. पण सर्वांत मोठा एकच खळगा बघितला तर तो दोनच्या वर आहे, म्हणजे त्या मापानं चालेल. बेरजेवर गेलं की जास्त बायकांत पाणी कमी दिसतं आणि कळा आणण्याची घाई होते, पण त्यानं बाळांचं भलं झालेलं दिसत नाही. मी म्हणून एकच खळगा धरते. तरीही स्पेक्युलम लावून पाणी जात नाही ना ते बघ, बाळाच्या किडन्या आणि मूत्राशय दिसतात का ते बघ. मे महिन्यात केळीच्या बागेत दिवसभर राबलेली बाई आहे. पाणी भरपूर पाजून आठवड्यानं पुन्हा मोज. प्रोटीन पावडर आणि सलाईनच्या बाटल्यांवर त्यांचे पैसे घालवू नकोस.

कागदावर खरंच चौतीस निघाले असते तर मीच तुला गाडी काढ म्हटलं असतं. तेव्हा डॉप्लर: नाळेच्या धमनीत हृदयाच्या दोन ठोक्यांमध्ये रक्त पुढे वाहतंय का? वाहतंय, तर आठवड्यातून दोनदा तपासणी करत सदतीसपर्यंत थांबता येतं. थांबलंय, तर चौतीसच्या पुढे थांबायचं नाही. उलटं वाहत असेल तर त्याहून आधीच, आणि नवजात विभाग असलेल्या मोठ्या दवाखान्यातच. चौतीसच्या आत प्रसूती ठरली तर फुप्फुसांसाठी स्टेरॉइड आधी.

मी एवढी हटून का बसते ते ऐक. नोकरीच्या चौथ्या वर्षी मी असंच "सदतीस आठवडे, बाळ लहान" म्हणून सिझर केलं. बाळ बत्तीस आठवड्यांचं निघालं. कण्हत श्वास घेत होतं, पहाटे गेलं. तेराव्या दिवशी बाईच्या आईनं जुनी सोनोग्राफी आणून माझ्या टेबलावर ठेवली. कागद माहेरी पेटीत होता. मी मागितलाच नव्हता. त्यानंतर मला फार वेळ लावणारी म्हणाले, म्हणू देत. कागद येईपर्यंत मी माणूस पाठवते, डॉप्लर करून घेते, हात बांधून बसत नाही.

आणि कागद कुठेच नसेल तर? आजच्या मापावरून वय ठरवू नकोस. इतक्या उशिरा तीन आठवड्यांची चूक सहज होते, आणि खरंच लहान असलेलं बाळ कमी वयाचं समजून आपण गाफील राहतो. डॉप्लर कर, बाळ हलतं का ते तिला रोज बघायला सांग, आणि दोन आठवड्यांनी पुन्हा माप. त्याआधी मापलंस तर वाढीपेक्षा मापाची चूकच मोठी असते.

तिला पुढच्या गुरुवारी पाण्यासाठी बोलव, वाढीचं माप त्यानंतरच्या गुरुवारी. पोटाचा घेर किती मिलिमीटर वाढला ते मला कळव. आणि हळदीचा तो कागद तिच्या फाइलला आजच टाचून टाक.

तुझी
मॅडम